चार दिवसांचा डबा

२०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि मग रविवार. जामनेरला माझा चौथीतला भाचा शुक्रवारी नुसताच झेंडावंदनाला गेला, दप्तर घरी खुंटीवर. सोमवारी सकाळी त्याने वह्या भरायला दप्तर उघडलं, तर तळाशी गुरुवारचा दोनपुडी स्टीलचा डबा. त्या दिवशी शाळेतली पोषण आहाराची खिचडी पोटभर खाल्ली होती, म्हणून डबा तसाच राहिला. आई रागावेल म्हणून तो मोरीत बसून गुपचूप झाकण काढत होता, तेवढ्यात आजीनेच पाहिलं.

वरच्या पुडीत पोळी-भाजीवर पांढरा कापूस आणि त्यावर काळे ठिपके. खालच्या पुडीतला मसालेभात मात्र नजरेला ठीक दिसत होता, जरासा आंबूस आणि चिकट एवढंच. आजी म्हणाली, "भात फेकू नको, गरम करून घेते मी. पोळीवरचं काढ न् गायीले टाक." असंच पुष्कळ घरांत म्हणतात. त्यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

पोराचा पहिला प्रश्न होता, "झाकण घट्ट होतं, मग बुरशी आत गेली कशी?" ती नंतर गेलीच नव्हती. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. पोळी डब्यात भरताना ते तिच्यावर पडलेलेच होते. गरम पोळी लगेच झाकली, वाफ झाकणाला लागून पाणी झालं आणि ते पुन्हा पोळीवर ठिबकलं. ओल, ऊब आणि पीठ मिळालं की बीजाणूंना दोन-तीन दिवस पुरतात. त्यामुळे पोळी निववून भरली तर फरक पडतो, नुसतं झाकण घट्ट करून पडत नाही.

वरची बुरशी खरवडली की खालचं चांगलं, हा दुसरा समज. आपल्याला दिसतो तो बुरशीचा वरचा फुलोरा. तिचे बारीक तंतू पोळी, पाव, भाजी यांसारख्या मऊ, ओल्या पदार्थात आत शिरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. काही बुरश्या विषही तयार करतात, आणि कोणती करते हे रंगावरून घरी ओळखता येत नाही. गाईलाही ती पोळी देऊ नये. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जनावराच्या पोटात गेलं, तर त्याचा एक अंश दुधात उतरतो. मक्याच्या वा शेंगदाण्याच्या बुरसटलेल्या ढेपेबद्दल पशुवैद्य बजावतात ते याचसाठी.

आता भाताकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटली. बुरशी दिसली की माणूस सावध होतो. भात काहीच दाखवत नाही. तांदळात मातीतला एक जिवाणू असतो, बॅसिलस सेरेयस. त्याचे बीजाणू शिजवण्यातही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात, आणि काही जाती असं विष सोडतात की खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही टिकतं, म्हणजे कुकरच्या शिट्टीलाही दाद देत नाही. गरम केल्याने जिवाणू मरतील, त्यांनी आधीच सोडलेलं विष तसंच राहील.

वासावर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. अन्न आंबवणारे जीव वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. सोमवारी भाताला वास तरी होता. गुरुवारी सकाळी सातला शिजलेला तोच भात रात्री दप्तरातून काढला असता, तर वासही आला नसता आणि आजीने तो फोडणी देऊन वाढला असता. माझ्या मते धोक्याची वेळ सोमवारची नव्हती, गुरुवारच्या रात्रीची होती. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू वाढत राहतात, आणि ऑगस्टमधलं दप्तर बरोबर त्या टप्प्यात बसतं.

डबाच टाकून द्यायचा, असं शेवटी पोराची आई म्हणाली. त्याची गरज नव्हती. बुरशी हुंगायची नाही, डबा झटकायचा नाही, दम्याच्या माणसाने तर जवळही जायचं नाही. अन्न पिशवीत घालून, गाठ मारून कचऱ्यात टाकलं. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी घासली, कारण बुरशी तिच्याच खाचेत लपून बसते. मग साबण, आणि शेवटी उकळतं पाणी. स्टीलला एवढं पुरतं. कडी काळी पडली होती, ती तेवढी नवी आणली. दप्तर उलटं करून धुतलं आणि उन्हात वाळवलं.

तुमच्या घरी शाळेतून आलेल्या डब्यात दुपारनंतर भात उरलेला दिसला, तर तो मोजू नका, हुंगू नका, गरम करू नका. टाकून द्या.