गाडी बघण्याआधी कागद

सकाळी 9
उत्रोलीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. शटर वर केलं तोच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले: जुन्या मोटारसायकलची आरसी आणि विम्याची प्रत. वाडीतल्या एका पोराला संध्याकाळी गाडी बघायला भोरला जायचंय. फ्लॅशमुळे आरसीचं कार्ड चमकून निम्मं कोरं दिसत होतं. "फ्लॅश बंद करून, दोन्ही बाजूंचे फोटो परत मागव," असं कळवलं.

10:30
नवे फोटो आले. आधी चासी नंबर मोजला: 17. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत, म्हणून गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ म्हणजे एक. इंजिन नंबरला हा नियम धरता येत नाही. शंका आली तर तो गाडीवरच वाचायचा. दोन्ही नंबर विम्याच्या प्रतीशी जुळले.

दुपारी 12
विकणारा म्हणतो एकहाती गाडी, पण आरसीवर ओनर सिरियलसमोर 2 आहे. म्हणजे हा दुसरा मालक. खाली हायपोथिकेशनच्या रकान्यात बँकेचं नाव. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसाच हा गाडीवरचा बोजा.

3
पोरगा दुकानात आला. "ताई, विमा 2026 पर्यंत आहे ना?"
प्रत मोठी करून दाखवली. तारखांच्या दोन ओळी होत्या. टीपी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, 12/06/2021 ते 11/06/2026. ओडी, म्हणजे आपल्या गाडीच्या मोडतोडीचा आणि चोरीचा विमा, मात्र 11/06/2022 लाच संपलेला. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला टीपी पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ओडी पुढे चालू ठेवणं मालकाच्या हातात. इथे पुढचा कागदच नाही. आज ऑगस्ट 2025, गाडी चोरीला गेली तर एक रुपया मिळणार नाही. आयडीव्ही म्हणून छापलेली रक्कमही 2021 ची. तिच्यावरून आजचा भाव ठरवायचा नाही.
शिवाय पॉलिसीवर अजून पहिल्याच मालकाचं नाव. दुसऱ्याने विमा बदलून घेतलाच नव्हता.

5
विकणाऱ्याला फोन लावला. "कर्ज कधीच फिटलंय," तो म्हणाला. फिटलं असेल, पण बोजा उतरलेला नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. मग नाव बदलायला 29 आणि 30. आरसी नावावर होताच विमा कंपनीला कळवायचं. कायद्याने मुदत गाडी हस्तांतरित झाल्यापासून 14 दिवसांची.
"टोकन देऊ का, ताई?"
"एनओसी बघितल्याशिवाय नको. आणि जाताना टॉर्च घे. हँडलखालच्या मानेवरचा चासी नंबर या कागदाशी एकेक आकडा करून जुळव."