गोदाम जळाल्यावर सर्व्हेअरला जाणारं पत्र

समजा, भिवंडीतलं सुताचं एक गोदाम रात्री जळालं. मालकाचा दावा 30 लाखांचा आहे. विमा कंपनीचा क्लेम्स मॅनेजर सकाळी सर्व्हेअरला नेमणुकीचं पत्र पाठवतो. वाहनाचा दावा 50 हजारांचा किंवा त्याहून मोठा, आणि इतर दावा एक लाखाचा किंवा त्याहून मोठा असेल, तर परवानाधारक सर्व्हेअर लागतोच.

पत्रात नुसतं ‘नुकसानीची पाहणी करावी’ असं लिहिलं, तर सर्व्हेअर फोटो काढून, यादी करून परत येतो. खरा प्रश्न वेगळाच असतो: आगीच्या क्षणी आत माल होता किती? राखेतली पोती मोजता येत नाहीत. म्हणून जाणता मॅनेजर लिहून टाकतो की साठा हिशेबावरून काढावा. वर्षाच्या सुरुवातीचा साठा 40 लाख, त्यानंतरची खरेदी 1 कोटी 90 लाख, विकलेल्या मालाची मूळ किंमत 1 कोटी 30 लाख. म्हणजे आगीच्या रात्री आत एक कोटीचा माल असायला हवा. हा आकडा जीएसटी विवरणपत्रांशी आणि बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहायचा. बँकेच्या कागदावर 70 लाखच असतील, तर मालकाला खुलासा द्यावा लागतो. गोम बहुतेक वेळा इथेच सापडते.

दुसरी ओळ अर्धवट जळालेल्या मालाची. तो वेगळा करून, वजन करून, त्याचे भाव मागवावेत असं पत्रात नसेल, तर आठवड्याभरात पावसानं तो कुजतो आणि मग त्याच्या किमतीवरून वाद रंगतो.

मुदतीबाबत पत्रात मोघमपणा चालत नाही. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार दावा कळल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा आणि नेमणुकीपासून 15 दिवसांत अहवाल मिळवायचा. मालकाकडून कागद येत नसतील, तर काय मागितलं आणि कधी, याची तारीखवार नोंद अहवालाला जोडायला सांगितलेली बरी. नाहीतर उशिराचं खापर कोणावर फोडायचं, हे नंतर ठरत नाही.

अहवालाच्या नमुन्यात आगीचं कारण, साठा, नुकसान आणि प्रत्येक वजावट स्वतंत्र ओळीत हवी. आपल्या गोदामात एक कोटीचा माल, विमा मात्र 80 लाखांचा. जळालेल्या 30 लाखांतून शिल्लक मालाचे दोन लाख वजा केले की 28 उरतात. विमा कमी असल्यानं त्यांचे 80 टक्केच, म्हणजे 22 लाख 40 हजार. पॉलिसीप्रमाणे मालकानं सोसायचा हिस्सा त्यातून आणखी वजा होतो. एवढी पायरीवार मांडणी असली, तर आपले पैसे नेमके कुठे कापले गेले, हे मालकाला बोट ठेवून विचारता येतं.

पत्रात आणखी एक वाक्य असतं: ही नेमणूक म्हणजे दावा मान्य झाला असं नव्हे. सर्व्हेअर मत देतो, निर्णय कंपनीचा. ते मतही अंतिम नसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या एका खटल्यात म्हटलं आहे.