फाजील खात्रीवर स्वस्तातला उतारा

टोरोंटो विद्यापीठात २००९ मध्ये तयार झालेला ‘सीफार-१०’ नावाचा चित्रसंच आजही यंत्रांना चित्रे ओळखायला शिकवताना वापरतात. त्यात ६० हजार चित्रे आहेत आणि विमान, मोटार, पक्षी, मांजर, हरीण, कुत्रा, बेडूक, घोडा, जहाज आणि ट्रक असे दहा वर्ग. प्रत्येक चित्र लांबी-रुंदीला फक्त ३२ ठिपक्यांचे. इतक्या बारक्या चित्रात अंगाचे मुटकुळे करून झोपलेले मांजर आणि कुत्र्याचे पिल्लू यांतला फरक माणसालाही चटकन सांगता येत नाही. यंत्र मात्र बेधडक म्हणते, ‘मांजर, ९९.९ टक्के’. आणि तो असतो कुत्रा.

चूक होणे समजण्यासारखे आहे. खटकते ती खात्री. ७० टक्के पाऊस असे सांगितलेल्या दर दहा दिवसांपैकी साधारण सात दिवस पाऊस पडला, तर हवामानाचा अंदाज प्रामाणिक म्हणायचा. यंत्राच्या टक्केवारीला हीच कसोटी लावता येते. यंत्राने न पाहिलेली चित्रे त्याच्यापुढे ठेवायची, ९० ते १०० टक्के खात्रीने दिलेली उत्तरे वेगळी काढायची आणि त्यांतली खरोखर किती बरोबर आली ते मोजायचे. समजा सरासरी खात्री ९९ टक्के आहे आणि बरोबर उत्तरे ९२ टक्के, तर सात टक्के खात्री पोकळ. चुआन गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशी मोजणी केली. तेव्हा दिसले, की आधुनिक खोल जाळी जुन्या लहान जाळ्यांपेक्षा अचूक असली, तरी त्यांची खात्री अचूकतेच्या बरीच पुढे धावते.

हे का होते, ते शिकवण्याच्या रीतीतच आहे. प्रशिक्षणात प्रत्येक चित्राला एक पक्के लेबल असते: मांजराला १, बाकीच्या नऊ वर्गांना ०. यंत्र प्रत्येक वर्गाला एक गुण देते, त्या गुणांच्या टक्केवाऱ्या होतात आणि बरोबर वर्गाला जितकी कमी टक्केवारी, तितका दंड जास्त. यंत्राने मांजराला ९९ टक्के दिले तर दंड ०.०१, ९९.९ टक्के दिले तर ०.००१. दंड कधीच शून्यावर येत नाही, पण प्रत्येक पायरीवर कमी होत राहतो. उत्तर कधीच बरोबर आलेले असते, तरी यंत्र मांजराचे गुण वाढवत सुटते, कारण शंभर टक्के गाठायला गुणांचे अंतर अनंत लागते. प्रशिक्षणातली चित्रे तोंडपाठ झाल्यावर यंत्राला दुसरे काम उरत नाही. नुसती खात्री फुगत जाते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे लेबल स्मूदिंग. गूगलमधले ख्रिश्चन सेगेदी आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या अखेरीस तो ‘इन्सेप्शन’ जाळ्यासाठी वापरला. कल्पना अशी, की लेबलातला दहावा हिस्सा काढून सगळ्या वर्गांत सारखा वाटायचा. दहा वर्ग असतील तर मांजराच्या वाट्याला ०.९१ येतात आणि उरलेल्या प्रत्येकाला ०.०१. आता दंडाचे गणितच उलटते. यंत्राने ९१ टक्के सांगितले तर दंड सुमारे ०.५०, हट्टाने ९९.९ टक्के सांगितले तर तो ०.८२ पर्यंत चढतो. गुणांतले अंतर साडेचारच्या आसपास आले, की आणखी ताणण्यात तोटाच. पायटॉर्चमध्ये यासाठी एवढेच लिहावे लागते:

```python
loss_fn = nn.CrossEntropyLoss(label_smoothing=0.1)
```

जास्तीची चित्रे नकोत, जाळे मोठे करायला नको, वेळही जवळपास तेवढाच. सेगेदींच्या प्रयोगात अचूकता वाढली ती जेमतेम ०.२ टक्क्याने. त्यामुळे माझ्या मते याची खरी किंमत अचूकतेत मोजूच नये.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ०.९१ हा आकडा आपण ठरवला, चित्राने नाही. लख्ख दिसणाऱ्या जहाजालाही तोच आणि धूसर मांजरालाही तोच. शिवाय मांजराच्या लेबलातून काढलेला हिस्सा कुत्र्याला मिळतो तेवढाच ट्रकलाही मिळतो. मांजर कुत्र्यासारखे दिसू शकते, ट्रकसारखे नाही, ही बारीक माहिती त्यात पुसट होते. म्युलर, कॉर्नब्लिथ आणि जेफ्री हिंटन यांनी २०१९ मध्ये याचा एक परिणाम दाखवला. अशा रीतीने शिकलेल्या मोठ्या जाळ्याला गुरू करून त्याच्या टक्केवाऱ्यांवरून लहान जाळे शिकवले, तर शिष्य कच्चा राहतो. गुरूच्या खात्रीचा मेळ अचूकतेशी चांगला बसला, पण शिष्याला द्यायचे बारकावे गेले.

दुसरा उपाय, मिक्सअप, चित्रालाच हात घालतो. हाँगयी झांग आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये मांडला. संचातली कोणतीही दोन चित्रे घ्यायची आणि ठिपक्यावर ठिपका ठेवून मिसळायची. मांजराचा हिस्सा ०.८ आणि कुत्र्याचा ०.२ धरला, तर एका ठिपक्याची उजळता मांजरात २००, कुत्र्यात १०० असताना मिश्रणात ती १८० होते. लेबलही त्याच प्रमाणात: ८० टक्के मांजर, २० टक्के कुत्रा. डोळ्यांना हे चित्र भुताटकीसारखे दिसते, एकातून दुसरे डोकावणारे. हिस्सा दर वेळी नव्याने सोडतीने ठरतो, आणि एका आकड्याने ही सोडत सौम्य किंवा तीव्र करता येते. ‘सीफार-१०’वर तीव्र मिसळण चालली आणि एका जाळ्याच्या चुका ५.६ टक्क्यांवरून ४.२ वर आल्या. हजार वर्गांच्या ‘इमेजनेट’वर मात्र सौम्यच ठेवावी लागली, जास्त मिसळले तर जाळे धड शिकतच नाही.

इथे शंका सरसकट वाटलेली नसते. मिश्रणात कोण किती आहे, त्यावर ती ठरते. दोन वर्गांच्या मधल्या प्रदेशात खात्री हळूहळू उतरवायची, हे यंत्र त्यातून शिकते. २०१९ मध्ये तुलसीदासन आणि सहकाऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला: हा गुण मिसळलेल्या चित्राचा की मिसळलेल्या लेबलाचा? त्यांनी फक्त चित्रे मिसळून पाहिली, तेव्हा खात्रीत तशी सुधारणा झाली नाही. लेबल मिसळणे हाच गाभा निघाला.

आता उत्साहाच्या भरात दोन्ही उपाय एकदम लावावेसे वाटतात, आणि गडबड तिथेच होते. ‘सीफार-१०’वर चांगले जाळे ९६-९७ टक्के बरोबर उत्तरे देते. त्याला ०.९१ चे लेबल दाखवून वर मिक्सअपही केला, तर यंत्र बरोबर असूनही चाचरू लागते. ही खोट अचूकतेच्या आकड्यात दिसत नाही. वर सांगितलेली मोजणी केली तरच सापडते. फाजील खात्रीइतकीच ही कमी खात्रीही दिशाभूल करते, विशेषतः ९५ टक्क्यांखालचे प्रत्येक उत्तर माणसाकडे तपासायला पाठवायचे असे ठरले असेल तेव्हा. जवळपास सगळाच ढीग माणसाच्या टेबलावर येऊन पडतो.

गुओ यांच्या लेखातलाच एक साधा इलाज यावर चालतो. प्रशिक्षण संपल्यावर बाजूला ठेवलेल्या काही चित्रांवरून एक आकडा शोधायचा आणि सगळे गुण त्याने भागायचे. गुणांचा क्रम बदलत नाही, म्हणून उत्तरेही बदलत नाहीत. बदलते ती फक्त खात्री. बढाईखोर जाळ्यासाठी हा आकडा एकाहून मोठा निघतो. स्मूदिंगने चाचरणाऱ्या जाळ्यासाठी तो एकाहून लहान निघू शकतो: समजा ०.८ आला, तर साडेचारचे अंतर साडेपाचच्या पुढे जाते आणि ९१ टक्के म्हणणारे यंत्र त्याच चित्राला ९७ टक्के म्हणू लागते.