चोरटे एक्स्टेन्शन : ओळखावे कसे व काढावे कसे

पटनोंदणीचे आवाहन, शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे इत्यादी मजकूर गावकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी अनेक प्राथमिक शाळा फेसबुकवर आपले पान चालवितात. हे पान बहुधा एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक खात्याला जोडलेले असते. त्या खात्याचा ताबा परक्याच्या हाती गेला, तर पानाचाही ताबा जातो. आणि पानावर जे काही प्रसिद्ध होईल ते पालक शाळेचेच म्हणणे समजून वाचतात. असा ताबा पासवर्ड न चोरताही मिळविता येतो. त्याचे एक साधन म्हणजे ब्राउझरमध्ये बसविलेले चोरटे एक्स्टेन्शन. ते कसे काम करते, कोणत्या खुणांवरून ओळखावे आणि कोणत्या क्रमाने काढावे, याचे विवेचन येथे केले आहे.

१. एक्स्टेन्शन म्हणजे काय?

संगणकावर संकेतस्थळे पाहण्यासाठी क्रोमसारखा जो ब्राउझर वापरतात, त्याला वरून जोडलेला लहानसा कार्यक्रम म्हणजे एक्स्टेन्शन होय. जाहिराती झाकणे, शब्दाचा अर्थ दाखविणे, पानाचे चित्र घेणे अशी उपयुक्त कामे करणारी पुष्कळ एक्स्टेन्शने आहेत. मात्र ही कामे करण्यासाठी एक्स्टेन्शनला उघडलेल्या पानावरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची मुभा लागते. ती मुभा सर्व संकेतस्थळांसाठी मागितली असेल, तर बसवितेवेळी पडद्यावर Read and change all your data on all websites असे वाक्य दिसते. सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती हा कार्यक्रम वाचील व बदलील, असा त्याचा सरळ अर्थ आहे. घाईने होकार देणाऱ्याने आपल्या फेसबुकचे दार त्याच क्षणी उघडे करून दिलेले असते.

२. घडलेले एक प्रकरण

रॅडवेअर या सुरक्षा-संस्थेने मे २०१८ मध्ये अशा एका मोहिमेची माहिती प्रसिद्ध केली. निदान त्या वर्षीच्या मार्च महिन्यापासून ती चालू होती. संस्थेने तिला ‘नायजेलथॉर्न’ असे नाव दिले. क्रोममध्ये ‘नायजेलिफाय’ नावाचे एक निरुपद्रवी, गमतीचे एक्स्टेन्शन होते. ते पानावरील चित्रांच्या जागी एका व्यंगपात्राची चित्रे दाखवीत असे. चोरट्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली आणि तीत आपल्या कामाच्या थोड्या ओळी दडविल्या. आणखी काही एक्स्टेन्शनांच्या नकलाही त्यांनी अशाच केल्या. वरकरणी सर्व ठीक दिसल्यामुळे या नकला क्रोमच्या अधिकृत भांडारातही शिरल्या. शंभरांहून अधिक देशांतील एक लाखावर लोक या मोहिमेत सापडले. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक फिलिपाइन्स, व्हेनेझुएला व एक्वादोर या तीन देशांतील होते.

प्रकार असा घडे. फेसबुकवर एखाद्या परिचिताकडून चित्रफितीचा दुवा येई. तो दाबल्यावर यूट्यूबसारखे दिसणारे खोटे पान उघडे, आणि चित्रफीत पाहण्यासाठी एक एक्स्टेन्शन बसवा, असे सांगण्यात येई. ते बसविताच संगणक चोरट्यांच्या यंत्रणेशी जोडला जाई. फेसबुकच्या प्रवेशाची माहिती व इन्स्टाग्रामच्या कुकी तिकडे पाठविल्या जात. त्यानंतर त्या व्यक्तीच्याच नावाने तिच्या परिचितांना संदेश जात, किंवा पन्नासपर्यंत परिचितांची नावे जोडलेला मजकूर तिच्या खात्यावर प्रसिद्ध होई. त्यात पुन्हा तोच दुवा असे. पाठविणारा ओळखीचा असल्यामुळे पुढचा मनुष्य तो निःशंकपणे उघडी, आणि साखळी वाढत जाई.

या प्रकरणातील सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. बाधा झालेल्या मनुष्याने एक्स्टेन्शनांची यादी उघडली, की ते चोरटे एक्स्टेन्शन ती यादी तत्काळ मिटवून टाकी. सफाईची साधने उघडू देत नसे, आणि खात्यावरचा मजकूर खोडण्यासही अडथळा करी. म्हणजे चोर घरात बसून आतून कडी लावीत होता.

३. पासवर्ड बदलून का भागत नाही?

येथे कुकी म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपण एकदा पासवर्ड देऊन फेसबुकमध्ये प्रवेश केला, की फेसबुक आपल्या ब्राउझरजवळ एक खूण ठेवते. पुढच्या वेळी ती खूण पाहूनच आत सोडले जाते. पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. या खुणेला कुकी म्हणतात. एस.टी.चा पास दाखविणाऱ्याकडे वाहक तिकिटाचे पैसे मागत नाही, तसाच हा प्रकार आहे. एक्स्टेन्शनने हा पास चोरला, तर चोराला पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. भ्रमणध्वनीवर येणारा दुसऱ्या टप्प्याचा आकडाही त्याला बहुधा विचारला जात नाही. कारण तो आकडा पास मिळविताना लागतो, पास दाखविताना लागत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की जुना पास रद्द केल्याशिवाय चोर बाहेर पडत नाही. दुसरी ही, की एक्स्टेन्शन जागेवर असताना नवा पास काढला, तर तोही चोरीला जातो. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी एक्स्टेन्शन काढावे, मग पास रद्द करावा, व त्यानंतर पासवर्ड बदलावा.

४. ओळखण्याच्या खुणा

आपण न लिहिलेला मजकूर, न पाठविलेले संदेश व न दाबलेल्या पसंतीच्या खुणा खात्यावर दिसणे, ही पहिली खूण. पान चालविणाऱ्यांच्या यादीत अनोळखी नाव येणे, ही दुसरी व अधिक गंभीर खूण. एक्स्टेन्शनांची यादी उघडताच मिटणे, ही तर जवळजवळ खात्रीचीच खूण समजावी.

केवळ संशय असेल, तर यादी तपासावी. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत पुढील अक्षरे लिहून एंटर दाबावे :

```
chrome://extensions
```

प्रत्येक एक्स्टेन्शनाविषयी तीन प्रश्न विचारावेत. हे शाळेत कोणी व कशासाठी बसविले? याचे काम एवढ्या मुभेवाचून होणार नाही काय? Details दाबल्यावर कोणकोणत्या संकेतस्थळांची मुभा दिसते? शब्दाचा अर्थ सांगणाऱ्या एक्स्टेन्शनला सर्व पाने वाचावी लागतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु घड्याळ दाखविणाऱ्याला फेसबुकची मुभा कशाला हवी? ज्याचे उत्तर मिळत नाही, ते काढून टाकावे. नाव व चित्र पाहून मात्र विश्वास ठेवू नये, कारण त्यांची नक्कल करता येते. जुने आहे म्हणूनही ठेवू नये. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते बंद करावे लागले.

५. काढण्याचा क्रम

(१) प्रथम संगणकाचे इंटरनेट बंद करावे. यादी उघडत असेल, तर संशयित एक्स्टेन्शनखालील Remove दाबावे व पुन्हा विचारल्यास होकार द्यावा. केवळ बाजूची कळ बंद करून थांबू नये.

(२) यादी मिटत असेल, तर पत्त्याच्या पट्टीशेजारील कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह दाबावे. तेथे एक्स्टेन्शनाच्या नावापुढील तीन ठिपके दाबून Remove from Chrome निवडावे.

(३) तेही जमत नसेल, तर क्रोम पूर्णपणे बंद करावे. विंडोजची व आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत पुढील ओळ लिहावी :

```
%LOCALAPPDATA%\Google\Chrome\User Data\Default\Extensions
```

तेथील प्रत्येक फोल्डरचे नाव ३२ इंग्रजी अक्षरांचे असते. चोरटे कोणते, हे कळत नसल्यास आतील सर्व फोल्डर काढून टाकावेत; चांगली एक्स्टेन्शने नंतर पुन्हा बसविता येतात. क्रोममध्ये एकाहून अधिक व्यक्तींची खाती असतील, तर Default ऐवजी Profile 1 यासारखे नाव असते, तेही तपासावे.

(४) एक्स्टेन्शनाखाली Remove हे बटणच नसेल व व्यवस्थापकाने बसविल्याची सूचना दिसत असेल, तर संगणकात दुसरा कार्यक्रम घुसून त्याने ते लादलेले असण्याचा संभव आहे. संगणक खरोखरीच कार्यालयाच्या नियंत्रणाखाली असल्यासही असे दिसते. अशा वेळी तालुक्याच्या तांत्रिक साहाय्यकास संगणक दाखवावा, आणि तोवर त्यावर कोणत्याही खात्यात प्रवेश करू नये.

(५) आता पास रद्द करावा. हे काम शक्यतो भ्रमणध्वनीवरून करावे; अँड्रॉइड फोनवरील नेहमीच्या क्रोममध्ये अशी एक्स्टेन्शने बसत नाहीत. फेसबुकच्या Settings मध्ये Accounts Center, तेथे Password and security व तेथे Where you're logged in या क्रमाने जावे. दिसणाऱ्या सर्व उपकरणांवरून बाहेर पडावे. त्यानंतर पासवर्ड बदलावा.

(६) Apps and websites या जागी अनोळखी नावे असतील, तर ती काढावीत. चोरलेल्या मुभेचा हाही एक मागचा दरवाजा असू शकतो. मग शाळेच्या पानावर जाऊन Page access मध्ये व्यवस्थापकांची नावे एकेक करून तपासावीत व परके नाव तत्काळ वगळावे. येथे दिरंगाई झाल्यास तो परका खऱ्या शिक्षकालाच यादीतून काढू शकतो. खात्यात प्रवेशच होत नसेल, तर facebook.com/hacked या पत्त्यावरून खाते परत मागावे.

६. त्यानंतर

दोन-तीन दिवसांनी एक्स्टेन्शनांची यादी पुन्हा पाहावी. गूगल खात्यातील सिंक चालू असल्यास काढलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून परत येऊ शकते; म्हणून त्या खात्याचे सर्व संगणक तपासावेत. शाळेच्या पानावर आलेला बनावट मजकूर Activity log मधून खोडावा. परंतु खोडण्यापूर्वी त्याचे चित्र जपून ठेवावे, कारण तक्रारीच्या वेळी ते लागते. ज्या पालकांना शाळेच्या नावाने दुवा गेला असेल, त्यांना तो उघडू नये व उघडला असल्यास काय बसविले ते तपासावे, असे त्याच पानावरून स्पष्ट शब्दांत कळवावे. एक्स्टेन्शन काढल्याने शाळेचा संगणक स्वच्छ होतो. दुवा मिळालेल्या घरांतील संगणक मात्र या सूचनेनंतरच तपासले जातील. पान चालविणाऱ्यांत एकाऐवजी दोन शिक्षक असावेत, म्हणजे एकाचे खाते हातचे गेले तरी दुसऱ्यास परका काढून टाकता येतो.