नकाराचे पत्र

लेखापालाच्या एका जागेसाठी पाच जणांच्या मुलाखती झाल्या, की चौघांना नकार कळविणे ओघानेच येते. तो कळविण्यास विलंब लागला, तर आशेवर राहिलेला उमेदवार हाती आलेली दुसरी नोकरी गमावून बसतो. म्हणून निवडलेल्याची संमती येताच पत्र धाडावे. आरंभी आभार मानून लगेच निर्णय सांगावा. कारण पदाच्या गरजेपुरतेच असावे : ‘परिव्यय-लेखनाचा अधिक अनुभव असलेल्या उमेदवाराची निवड झाली आहे.’ ‘आपणांत आत्मविश्वास कमी आहे’ हा शेरा मात्र माणसावरचा ठरतो आणि वादास निमंत्रण देतो. ‘पुढे अवश्य विचार करू’ असे आश्वासनही देऊ नये. ‘पुन्हा जाहिरात निघाल्यास अर्ज करावा’ एवढेच पुरे. निवडलेला गृहस्थ रुजू झालाच नाही, तर याच उमेदवाराचे दार ठोठवावे लागते.