लिंकच्या शेपटीत मावलेलं चित्र

ही अक्षरं जरा बघा:

```
#AAAAACQAACQACSSQCSSQACQAACQAAAAA
```

हे एक चित्र आहे! आठ घरं रुंद, आठ घरं उंच, आणि मधोमध लाल रंगाचं जाडजूड अधिकचं चिन्ह. सगळंच्या सगळं या बत्तीस अक्षरांत आहे.

घरं रंगवत चित्र काढायची ॲप्स ब्राउझरमध्ये असतात, ती तुम्ही पाहिली असतील. चित्र झालं की ‘शेअर’ दाबायचं, एक लिंक मिळते, ती मैत्रिणीला पाठवायची. तिने ती उघडली की तिच्या पडद्यावर तेच चित्र हजर. आपल्याला वाटतं, चित्र कुठल्यातरी मोठ्या संगणकावर जाऊन बसलं असणार आणि तिथून ते तिच्याकडे आलं असणार. कधीकधी तसंच असतं. पण काही ॲप्स चित्र कुठेच ठेवत नाहीत. ते लिंकच्या शेपटीतच असतं, `#` या खुणेच्या पुढे. गंमत म्हणजे `#` च्या पुढचं काहीही ब्राउझर त्या संकेतस्थळाला कळवत नाही. तो फक्त अलीकडचा पत्ता सांगून ॲप मागवतो. ॲप आलं की ते शेपटी वाचतं आणि चित्र पुन्हा रंगवतं.

आता चित्राची अक्षरं कशी होतात ते आपण हातानेच करून बघू. आपल्या ॲपमध्ये आठ रंग आहेत, त्यांना ० ते ७ असे क्रमांक देऊ. ० म्हणजे कोरं घर, २ म्हणजे लाल. मग आपलं चित्र असं दिसेल:

```
००००००००
०००२२०००
०००२२०००
०२२२२२२०
०२२२२२२०
०००२२०००
०००२२०००
००००००००
```

हे चौसष्ट अंक तसेच लिंकला चिकटवले तरी चालेल, पण त्यात जागा फार वाया जाते. संगणक सगळं शून्य आणि एक या दोन खुणांनी लिहितो, अशा एका खुणेला म्हणतात बिट. आठ रंगांपैकी कुठलाही रंग सांगायला तीन बिट पुरतात: कोरं घर ०००, लाल घर ०१०. शेजारची दोन घरं एकत्र घेतली की झाले सहा बिट. सहा बिटांच्या वेगवेगळ्या मांडण्या होतात बरोबर ६४, म्हणजे ० ते ६३ हे आकडे. आता चौसष्ट अशी अक्षरं शोधायची, जी लिंकमध्ये कुठेही सुखरूप राहतील. इंग्रजीतली मोठी अक्षरं सव्वीस, `A` म्हणजे ० आणि `Z` म्हणजे २५. छोटी अक्षरं सव्वीस, २६ ते ५१. मग दहा अंक, ते झाले ५२ ते ६१. उरली दोनच घरं, तिथे `-` आणि `_`.

दुसरी ओळ घ्या. तिच्या जोड्या होतात ००, ०२, २० आणि ००. पहिली जोडी ०००००० म्हणजे शून्य, म्हणून `A`. दुसरी ००००१० म्हणजे दोन, म्हणून `C`. तिसरी ०१०००० म्हणजे सोळा, म्हणून `Q`. शेवटी पुन्हा `A`. झालं, `ACQA`! चौथ्या ओळीत २२ ही जोडी येते, ०१००१० म्हणजे अठरा, म्हणून `S`. ती ओळ होते `CSSQ`.

शेवटच्या दोन जागांवर `-` आणि `_` च का बसवले? ई-मेलमधून फायली पाठवण्यासाठी चौसष्ट अक्षरांची ही युक्ती फार आधीपासून वापरात होती, पण तिथे त्या जागी `+` आणि `/` होते. लिंकमध्ये मात्र `/` म्हणजे पत्त्यातला एक टप्पा संपला, आणि `?` च्या पुढे आलेला `+` बऱ्याचदा रिकामी जागा म्हणून वाचला जातो. म्हणजे आपण पाठवायचा `+`, समोरच्या ॲपला मिळायची मोकळी जागा, आणि चित्र काही उघडायचं नाही. आणि हा बिघाड फार छळतो, कारण ज्या चित्रात ६२ हा आकडा येतच नाही ते व्यवस्थित उघडतं! २००६ सालच्या आरएफसी ४६४८ या नियमपत्रात लिंकला चालणारी नवी जोडी लिहून ठेवलेली आहे. तिचं नाव `base64url`.

मराठी मजकुराला तर याचा मोठाच आधार आहे. लिंकमध्ये ‘क’ थेट जात नाही, ब्राउझर त्याचं `%E0%A4%95` करतो. एका अक्षराची नऊ! ‘कमळ’ लिहायला सत्तावीस लागतात. आपल्या चौसष्ट अक्षरांत तेच कमळ बारांत मावतं:

```
4KSV4KSu4KSz
```

यात `4KS` तीन वेळा आलंय, दिसलं? संगणक देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला किंवा मात्रेला आठ बिटांचे तीन गठ्ठे देतो. अशा गठ्ठ्याला म्हणतात बाइट. त्यातला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक, आणि खरी माहिती मुख्यतः तिसऱ्यात. तेच तेच पुन्हा लिहिलं जातंय म्हटल्यावर ते दाबून लहान करता येणार, हे उघड आहे.

ते कसं करायचं हे अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोघांनी १९७७ साली मांडलं. दोघंही इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या टेक्निऑन या संस्थेतले. त्यांची कल्पना अशी: आधी लिहिलेलं पुन्हा आलं, तर ते पुन्हा लिहायचंच नाही. ‘इतकी घरं मागे जा आणि तिथून इतकी उतरव’ एवढाच हुकूम द्यायचा.

आपलं चित्र एका लांब ओळीत लिहू आणि करून बघू. पहिला अंक लिहा, ०. सुरुवातीला एकूण अकरा कोरी घरं आहेत, म्हणून पुढचा हुकूम: १ मागे जा, १० उतरव. अहो, पण मागे तर एकच घर आहे, त्यातून दहा कशी उतरवणार? उतरवलेलं प्रत्येक घर लगेच ‘मागचं’ होतं आणि पुढच्या घरासाठी उपयोगी पडतं! माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. सगळी रांग मिळून अशी होते:

```
०
१ मागे, १० उतरव
२
२
८ मागे, १२ उतरव
२
१ मागे, ५ उतरव
८ मागे, १० उतरव
३२ मागे, १६ उतरव
१ मागे, ७ उतरव
```

चार अंक आणि सहा हुकूम. मोजून बघा, बरोबर चौसष्ट घरं भरतात. आठ मागे जायचं म्हणजे नेमकं वरच्या ओळीत जायचं, कारण ओळ आठ घरांची आहे. संगणकाला ओळी ठाऊक नाहीत, चित्रही ठाऊक नाही, पण सारखेपणा त्याला सापडतोच. एवढ्याशा चित्रात हुकूम लिहायला लागणारी जागा पाहता फारशी बचत होणार नाही. चित्र वाढलं की मजा येते. चौसष्ट बाय चौसष्टच्या पाटीत ४०९६ घरं असतात, जोड्या करून २०४८ अक्षरं. पण ती पाटी पूर्ण कोरी असेल तर? आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘डिफ्लेट’ पद्धतीत एका हुकमात जास्तीत जास्त २५८ उतरवता येतात. म्हणजे एक अंक आणि सोळा हुकूम, काम फत्ते.

इथे क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी दाबायचं, मग अक्षरं करायची. ‘कमळ’च्या आधी फक्त एक मोकळी जागा ठेवली तर काय होतं बघा:

```
IOCkleCkruCksw
```

एका मोकळ्या जागेने सगळे बिट सरकले, सहा-सहाचे गट वेगळ्या ठिकाणी पडले आणि `4KS` पार नाहीसं झालं. म्हणून अक्षरं आधी केली, तर एकच शब्द दोन ठिकाणी दोन रूपांत दिसू शकतो आणि दाबणाऱ्याला तो ओळखता येत नाही. शिवाय दाबून जे हाती येतं ते नुसते बाइट असतात, त्यांची पुन्हा अक्षरं करावीच लागतात. त्यात तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून ही वाढ एकदाच सोसायची.

सगळी चित्रं लहान होतात का? नाही होत. प्रत्येक घराचा रंग डोळे मिटून निवडला तर मागे जाऊन उतरवण्यासारखं फारसं काही सापडत नाही. दोनच घरांचं चित्र घ्या. अशी चित्रं ६४ आणि आपली अक्षरंही ६४, प्रत्येक चित्राला एक अक्षर देऊन सगळी संपली. यापेक्षा कमी जागेत ती चौसष्टच्या चौसष्ट कशी सांगणार? काही चित्रं लहान करायची तर दुसरी काही मोठी होणारच.

अजून एक धोका आहे. आपल्या साध्या लिंकमध्ये कुणी `Q` च्या जागी छोटा `q` टाइप केला, तर ४२ म्हणजे १०१०१० वाचलं जाईल आणि २० या जोडीच्या जागी ५२ येईल. दोन घरांचे रंग चुकतील, बाकी चित्र शाबूत. दाबलेल्या लिंकमध्ये एक अक्षर बदललं तर जिथे जिथे त्या जागेवरून उतरवलंय तिथे तिथे चूक पसरते. म्हणून डिफ्लेटने दाबलेला मजकूर बऱ्याचदा ‘झेडलिब’ नावाच्या वेष्टणात घालतात. त्याच्या शेवटी चार बाइटांचा ताळा असतो. उलगडलेल्या मजकुराशी तो जुळला नाही, किंवा लिंक मध्येच तुटली म्हणून तो मिळालाच नाही, तर ॲप चुकीचं चित्र दाखवण्याऐवजी ‘लिंक बिघडली आहे’ असं सांगू शकतं. मजकुरावरून आकृत्या काढणाऱ्या ‘मरमेड लाइव्ह एडिटर’ची लिंक कधी मिळाली तर शेपटी बघा. `pako:` असेल आणि पुढे `eN`. `pako` ही कशाने दाबलं त्याची खूण. आणि `eN` कुठून आलं? झेडलिबचे पहिले दोन बाइट तिथे ठरलेले असतात, त्यांचीच ती अक्षरं.

आणि हो, एवढं सगळं करून लिंकला कुलूप काही लागत नाही. ती ज्याच्या हाती पडेल त्याला आतलं सगळं उलगडता येतं, म्हणून पासवर्ड किंवा घरचा पत्ता अशा शेपटीत जाऊ द्यायचा नाही.

आता चौकटीची वही आणि लाल खडू घ्या, आठ बाय आठ घरं आखा आणि हे चित्र उलगडा. लागणारी सगळी अक्षरं वर येऊन गेलेली आहेत:

```
#AAAACQCQSSSSSSSSCSSQASSAACQAAAAA
```