कॅम्पसची ऑफर नाकारताना

कॅम्पस मुलाखतीतून मिळालेली नोकरी पुढील शिक्षणासाठी सोडायची असेल, तर तसे कळवणारे पत्र पाच-सहा ओळींत संपते. अवघड असते ती त्याची वेळ. अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपन्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, जुलै-ऑगस्टपासून, येऊ लागतात. गेट परीक्षा होते फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये लागतो आणि आयआयटीतील एम.टेक.चे प्रवेश त्यानंतर मे ते जुलैच्या सुमारास होतात. त्यामुळे कित्येक महिने विद्यार्थ्याकडे होकार दिलेली नोकरी असते आणि मनात न ठरलेला प्रवेश.

समजा, पुण्यातील एका महाविद्यालयातील मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीला सप्टेंबरमध्ये ऑफर मिळाली आणि जुलैच्या मध्यावर रुजू व्हायचे आहे. मार्चमध्ये गेटचे गुण चांगले आले. इथेच घाईने नकार कळवणारे बरेच असतात, पण गुण म्हणजे प्रवेश नव्हे. आयआयटींच्या प्रवेशाच्या ऑफर COAP या सामाईक पोर्टलवर फेरीफेरीने दिसतात. तिथे Retain and Wait निवडले, तर हातची जागा राखून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. Accept and Freeze निवडले की निर्णय पक्का होतो. तिने हा दुसरा पर्याय निवडून संस्थेचे शुल्क भरले, की त्याच आठवड्यात कंपनीला कळवावे. त्याआधी कळवले तर प्रवेश हुकल्यास नोकरीही गेलेली असते. त्यानंतर रेंगाळले, तर कंपनीने तिच्यासाठी प्रशिक्षणाची तुकडी, कधी राहण्याची सोयही ठरवलेली असते आणि प्रतीक्षायादीतल्या कुणाला बोलवायला वेळ उरत नाही.

परदेशी जाणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे आहे. अमेरिकेतील प्रवेशाचे उत्तर वसंतात मिळते. पण व्हिसाची मुलाखत जून-जुलैपर्यंत लांबू शकते आणि कर्जही मंजूर व्हावे लागते. अशा वेळी गप्प राहण्यापेक्षा रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का, हे विचारून पाहावे. काही कंपन्या मान्य करतात, काही स्पष्ट नाही म्हणतात; दोन्ही परिस्थितींत त्यांना अंदाज आलेला असतो.

पत्राआधी एक पायरी असते ती महाविद्यालयाच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकाऱ्याची. कंपनीचा करार विद्यार्थ्याशी असला तरी तिचे येणे-जाणे या कार्यालयाशी असते. अनेक ठिकाणी एका विद्यार्थ्याला एकच नोकरी हा नियम आहे. म्हणजे एकाने घेतलेली जागा दुसऱ्याच्या वाट्याची असू शकते. पुढच्या वर्षी त्या कंपनीने जागा कमी केल्या, तर जाब टीपीओंनाच द्यावा लागतो. त्यामुळे बातमी त्यांना कंपनीकडून कळू नये. त्यांना प्रवेशपत्राची प्रत दाखवावी आणि नकार पाठवायचा कुणाला, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

मग एचआरला ईमेल. तो इंग्रजीत जातो, पण आशय असा: ‘आपण मला ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी या पदाची ऑफर दिली, त्याबद्दल आभारी आहे. मला एम.टेक.ला प्रवेश मिळाला असून तो मी स्वीकारला आहे. त्यामुळे ठरलेल्या तारखेला मी रुजू होऊ शकणार नाही. कृपया माझी ऑफर रद्द झाल्याचे कळवावे.’ विषयाच्या ओळीत नाव, महाविद्यालय आणि ऑफरचा क्रमांक असावा, कारण एचआरसमोर शेकडो नावे असतात. ईमेलची प्रत टीपीओंनाही जावी. ‘सध्या शक्य नाही’ किंवा ‘विचार करत आहे’ अशी वाक्ये नकोत. ती वाचून समोरचा जागा राखून ठेवतो. दोन वर्षांनी पुन्हा घ्याल का, हा प्रश्नही याच पत्रात विचारू नये.

बहुधा फोन येतो: पगार कमी वाटतो का, दुसरीकडे जाताय का? उत्तर पत्रातलेच द्यावे. शिक्षणाचे कारण सांगून दुसऱ्या कंपनीत जाणे तर टाळावेच. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यात नोकऱ्यांची नोंद राहते, शिवाय एचआरची माणसे स्वतःही कंपन्या बदलत असतात.

बाँडची भीती बऱ्याच पालकांना असते. प्रशिक्षणाचे बाँड बहुतेक वेळा रुजू झाल्यावर लागू होतात. तरी स्वीकारपत्रावर सही करताना काय मान्य केले होते, ते पुन्हा वाचून पाहावे. रुजू होण्याआधीच्या प्रशिक्षणाचे विद्यावेतन किंवा लॅपटॉप घेतला असेल, तर परतफेडीचे कलम तिथेच सापडते.

उत्तर आले नाही, तर चार-पाच दिवसांनी त्याच ईमेलखाली आठवण करावी. कंपनीच्या पोर्टलवर ऑफर नाकारण्याचे बटण असल्यास तेही दाबावे. नाहीतर रुजू होण्याची पत्रे येतच राहतात आणि त्या दिवशी नोंद ‘गैरहजर’ अशी होते. ऑफर रद्द झाल्याचा लेखी निरोप आणि दिलेली मूळ गुणपत्रिका परत मिळाली, की काम पूर्ण झाले.